काही एक म्हणणे नाही

आग्रही : आधी नोटीसच वाचते, मग भांडू. गावाचं नाव आणि नंबर गाळलेत, बाकी घडण तीच. "उपरोक्त विषयान्वये आपणास सूचित करण्यात येते की, मौजे अमुक येथील भूमापन क्रमांक तमुक या भूधारणेच्या अधिकार अभिलेखात हक्कसोडपत्राच्या अनुषंगाने फेरफार नोंद प्रस्तावित आहे. सदर नोंदीमध्ये आपण हितसंबंधित असल्याने, याबाबत आपला काही आक्षेप असल्यास तो ही सूचना प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून पंधरा दिवसांचे आत निम्नस्वाक्षरीकारांकडे सादर करावा. विहित मुदतीत आक्षेप प्राप्त न झाल्यास याबाबत आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून सदर नोंद प्रमाणित करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

ही नोटीस घेऊन माझ्याकडे आलेली बाई सातवी शिकलेली आहे. रोज पेपर वाचते, श्रावणात पोथी लावते, नातवाचा अभ्यास घेते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं आणि दोन भावांचं नाव लागलं. मग एक दिवस भावांनी तिला तालुक्याला नेलं, "वारसाच्या कामाला तुझी सही लागते" म्हणाले, तिनं अंगठा आणि सही दोन्ही दिलं. त्यानंतर हा कागद आला. मी विचारलं, काय लिहिलंय यात? ती म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही असं साहेबांनी लिहून घेतलंय, आणि आता मी जाऊन नोंद करायची आहे." भाऊसाहेब, कागद सांगतो काय आणि तिनं वाचलं काय! एका पानाच्या संस्कृताखाली तिचा हिस्सा गाडला गेला होता आणि तिला कुदळ कुठे मारायची तेही कळत नव्हतं. मी म्हणते, हा मसुदा साध्या शब्दांत लिहा. आक्षेपाला हरकत म्हणा, दिनांकाला तारीख म्हणा, आणि निम्नस्वाक्षरीकार म्हणजे कोण ते सरळ सांगा.

साशंक : उपरोक्त, अनुषंगाने, निम्नस्वाक्षरीकार यांच्यासाठी मी रडणार नाही. तीस वर्षं मीही असेच मसुदे केलेत आणि त्यातले निम्मे शब्द आदल्या मसुद्यावरून उतरलेले असतात, हे तुमच्यापाशी कबूल करायला लाज नाही. पण बाई, तुमचं निदान मला घाईचं वाटतं. ती बाई कुठे चुकली ते नीट बघा. भूधारणा, अधिकार अभिलेख, हितसंबंधित हे शब्द तिला कळले नाहीत, ते तिनं सोडून दिले. ती फसली ती दोन ठिकाणी. एक, "आपले काही एक म्हणणे नाही". यात कठीण शब्द दाखवा. आपले, काही, एक, म्हणणे, नाही. पाचही तिच्या चुलीपाशी बोलले जातात. दोन, "याची नोंद घ्यावी". आधी तीनदा नोंद म्हणजे सातबाऱ्याची नोंद, आणि चौथ्यांदा त्याच शब्दाचा अर्थ "ध्यानात ठेवा". तिनं तो सरळ अर्थानं घेतला, यात तिची काय चूक? संस्कृत नसलेल्या जागी ती पडली आहे.

आणि उलटही आहे. लाभार्थी हा काय घरगुती शब्द आहे? अपात्र? 2024 साली लाडकी बहीण योजना आली आणि महिन्याभरात पाणवठ्यावर ऐकू यायला लागलं, "मी पात्र झाले, जाऊबाई अपात्र." कुणी कोश उघडला नाही. ज्या शब्दामागे दीड हजार रुपये उभे असतात तो शब्द कळतो. दिनांकाचं तेच. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या काळात तारखेच्या जागी दिनांक आला तेव्हा लोक हसले असतील, आज पहिलीतलं पोर वहीच्या कोपऱ्यात दिनांक लिहितं. त्यामुळे संस्कृत तेवढं कठीण आणि फारसी तेवढं सोपं, ही मांडणी मला मान्य नाही. पोथी वाचणाऱ्या बाईला संस्कृताची भीती नाही. तिला त्या वाक्यात तिनं काय करायचं आहे ते सापडलं नाही.

आग्रही : हे मान्य. दिनांक मी परत घेते, राहू दे बिचारा. पण तुम्ही एक गोष्ट निसटती सोडताय. ते वाक्य तसं का झालं? "आक्षेप प्राप्त न झाल्यास" असं लिहिणाऱ्याला आक्षेप कोण घेणार, कुठे घेणार, कुणाला मिळणार यातलं काहीच सांगावं लागत नाही. तो शब्दच तसा आहे, पाट मांडून बसलेला. तुम्ही "हरकत" लिहा, लगेच पुढे "घेणे" येतं, आणि घेणारा माणूस येतो. "प्रमाणित करण्यात येईल" लिहिलं की करणारा दिसत नाही. "पक्की करतील" लिहायला गेलात की हात अडखळतो, कोण करतील? म्हणून मी शब्दांपासून सुरुवात करते. शब्द बदलला की वाक्याला उठून उभं राहावं लागतं.

हा माझा मसुदा. "गट नंबर तमुक या जमिनीतला तुमचा हिस्सा तुम्ही भावांना सोडून दिला आहे, असा कागद आमच्याकडे आला आहे. त्यावरून सातबाऱ्यातून तुमचं नाव कमी होईल आणि जमीन भावांच्या नावावर होईल. हे तुम्हाला मान्य नसेल तर ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तलाठ्याकडे तक्रार करा. तक्रार आली नाही तर तुम्हाला हे मान्य आहे असं समजून नोंद पक्की होईल." हिला आता वाचून काय कळणार नाही ते सांगा.

साशंक : कळेल सगळं. भीती अशी की काही जागी चुकीचं कळेल. सावकाश सांगतो, कारण इथेच माझी शंका आहे.

गट नंबरापासून घ्या. लोक गट म्हणतात म्हणून तुम्ही गट लिहिलंत. एकत्रीकरणाची योजना ज्या गावात झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जिथे झाली नाही तिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतो. भूमापन क्रमांक म्हणजे सर्व्हे नंबर. त्याच्या जागी सरसकट गट लिहिलंत तर ज्या गावात गट नाहीत तिथे नोटीस कुठल्या जमिनीची तेच ठरणार नाही. हे छोटं, सुधारता येईल. पण बघा, सोपा शब्दसुद्धा गावागावाला तपासून घ्यावा लागतो.

पुढे तक्रार. ही चूक मोठी. बाई, तहसिलात तक्रार अर्ज म्हटला की तो आवक-जावकला जातो, त्यावर शिक्का बसतो, मग तो "योग्य त्या कार्यवाहीस्तव" कुठेतरी रवाना होतो. हरकतीचा रस्ता वेगळा. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे फेरफारावर हरकत आली की तलाठ्यानं ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-अ मध्ये, चढवायची असते. एकदा ती तिथे चढली की नोंद तशीच पुढे ढकलता येत नाही, सुनावणी घ्यावी लागते. तक्रारीला ती ताकद नाही. बोलताना माणूस दोन्हींत फरक करत नाही, कचेरीतलं कपाट करतं. तुमच्या सोप्या शब्दानं बाई चुकीच्या खिडकीवर उभी राहिली असती, आणि पंधरा दिवस तिथेच सरले असते.

आता पंधरा दिवस. आपल्या बोलीत आठ दिवस म्हणजे सोमवार ते सोमवार, मोजायला गेलं तर सात. पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, मोजले तर चौदा. हिला मंगळवारी नोटीस मिळाली तर ती तिसऱ्या मंगळवारापर्यंत धरणार, तर कायद्याच्या हिशेबानं, मिळाल्याचा दिवस सोडून, मुदत बुधवारपर्यंत. इथे नशिबानं चूक एक दिवस लवकरची आहे, कुणाचं नुकसान नाही. पण रोजच्या बोलण्यात सैलपणा असतो, आणि तो चांगलाच असतो, त्याशिवाय माणसं एकमेकांशी नीट वागू शकणार नाहीत. नोटिशीला तो चालत नाही.

आणि सगळ्यात वाईट ते "नावावर होईल". गावात नावावर होणं म्हणजे मालक होणं. फेरफारानं कुणी मालक होत नाही. ती सरकारदरबारची नोंद आहे, सारा कुणाकडून घ्यायचा आणि कागदोपत्री कोण, एवढ्यापुरती. मालकीचा तंटा दिवाणी कोर्टात सुटतो. "अधिकार अभिलेखात नोंद" या अवघड शब्दांनी निदान खोटं तरी सांगितलं नव्हतं. तुमचं सोपं वाक्य वाचून ती समजणार, जमीन गेली. मुदत हुकली तर ती घरी रडत बसेल आणि कोर्टाचं दार उघडं आहे हे तिच्या मनातही येणार नाही.

आग्रही : थांबा, हे मी लिहून घेते. तक्रार खोडली, हरकत लिहिली. तसं पाहिलं तर हरकत हाच लोकांचाही शब्द आहे, मीच तो सुरुवातीला मागितला आणि मसुद्यात घसरले. वकील हरकत म्हणतात, तुम्ही चहा पिताना हरकत म्हणता, फक्त टाईप करायला बसलात की आक्षेप होतो. म्हणजे ह्या बाबतीत संस्कृत शब्द जास्त अचूकही नव्हता, नुसता जास्त इस्त्री केलेला होता.

पण भाऊसाहेब, तुम्ही कलम 150 काढलंत ते बरं झालं. मला "सादर करावा" अडलं होतं. सोप्या शब्दात काय लिहू? द्यावा? पाठवावा? टाईप करून, तिकीट लावून, का कसं? ते ठरेना म्हणून मी ते कलम वाचायला गेले. त्यात लिहिलंय की हरकत तोंडी किंवा लेखी घेता येते, आणि ती आल्याबरोबर तलाठ्यानं लेखी पोच द्यायची असते. तोंडी! म्हणजे ती बाई चालत गेली, चावडीत उभी राहून म्हणाली, "मला हे मान्य नाही," तरी ती हरकत झाली, आणि तिच्या हातात पोच पडायला हवी. तुमच्या नोटिशीत "सादर करावा" आहे. ते वाचून माणूस अर्ज लिहिणाऱ्याकडे जातो, पैसे मोजतो, दोन हेलपाटे घालतो. तोंडी हा शब्द कठीण नाही, संस्कृत नाही, फारसी नाही. तो नोटिशीत नव्हताच. आणि जोवर "सादर करावा" हा भारदस्त पडदा टांगलेला होता तोवर मागे काही नाहीये हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. तुमच्याही आलं नाही, रागावू नका.

साशंक : रागावत नाही. तीस वर्षांत माझ्यासमोर तोंडी हरकत घेतलेली माणसं बोटावर मोजण्याएवढी, आणि त्यांनाही आम्ही म्हटलं, "ठीक आहे, हे कागदावर लिहून आणा." त्यात वाईट हेतू नव्हता. फायलीला कागद लागतो, एवढंच डोक्यात.

पण तुम्ही आता कुठे निघाला आहात ते बघा. तोंडी घाला, पोच घाला, नोंद पक्की करणारा मंडळ अधिकारी घाला, मालकी ठरत नाही ते घाला. मग तिनं सही केलेलं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल, तर हेही सांगा की मंडळ अधिकारी तो दस्त खोटा ठरवू शकत नाही. फसवून सही घेतली हे सिद्ध करायला कोर्टातच जावं लागेल. सात ओळींची नोटीस दोन पानांची झाली. दोन पानं कोण वाचतो? आणि तलाठ्यानं "तुम्ही कोर्टात जाऊ शकता" असं लिहून द्यायचं म्हणजे तो एका बाजूचा सल्लागार झाला, असं भावांचा वकील म्हणणार. नोटीस देणाऱ्यानं कळवावं, शिकवू नये, अशी आमच्याकडे शिस्त आहे आणि ती अगदीच खुळी नाही.

दुसरं, रोजचा शब्द म्हणजे कुणाच्या रोजचा? तुमच्याकडे रान, खानदेश-वऱ्हाडात वावर, आणखी कुठे नुसतं शेत. राज्याला नमुना एकच छापायचा असतो. 1960 साली भाषा संचालनालय सुरू झालं, पदनाम कोश निघाला, लोकांनी त्याला बदनाम कोश म्हणून टपल्या मारल्या. त्या टपल्या आपण सगळे चवीनं सांगतो. पण तिथे बसलेल्यांपुढचा पेच खरा होता. इंग्रजीतला सगळा कारभार चार-दोन वर्षांत मराठीत आणायचा, आणि तोही असा की कुठल्या एका जिल्ह्याची बोली दुसऱ्याच्या डोक्यावर बसू नये. संस्कृत शब्द कुणाच्याच घरचा नव्हता, म्हणून तो सगळ्यांना सारखा परका होता. समानतेचा हाही एक प्रकार आहे.

आग्रही : सगळ्यांना सारखं न कळणं, ही समानता? बरं, थट्टा सोडते. वावर आणि रान यांच्यातली निवड मी तुमच्यावर लादत नाही, कारण ती लागतच नाही. महसुलाची मराठी आधीपासून आहे. ती बोली नाही आणि कोशातूनही आलेली नाही. सातबारा, फेरफार, वारस, हिस्सा, हक्कसोड, खरेदीखत, मुदत, नाव लावणे, नाव कमी करणे. सिंधुदुर्गातला माणूस आणि बुलढाण्यातला माणूस हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. सातबारा तर शब्दही नाही, सात नंबर आणि बारा नंबर असे दोन गाव नमुने एकत्र छापले त्याचं नाव. त्याला कुणी भारदस्त पर्याय सुचवला नाही, हे आपलं भाग्य. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्यातले काही रुजले, पण हक्क, मुदत, वारस काही हलले नाहीत. तीनशे वर्षं वापरून ते गुळगुळीत झालेत. तुमच्याच कचेरीनं घडवलेली ही भाषा आहे आणि नोटीस लिहिताना तुम्हीच ती बाजूला ठेवता.

शिवाय तुमच्या सरकारला हे जमत नाही असंही नाही. फेरफाराच्या नोटिसा संगणकावर बघायची सोय केली तिचं नाव काय ठेवलं? आपली चावडी. तिथे "डिजिटल सूचना फलक" एवढंच लिहून भागलं असतं. ज्यानं चावडी हा शब्द सुचवला त्याला मी शोधतेय.

लांबीचं मात्र तुमचं खरं. म्हणून मी दुसरा मसुदा करताना एक चाळणी लावली. वाचून झाल्यावर "समजलं का?" असं विचारायचं नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. कागद उलटा ठेवून तीन गोष्टी विचारायच्या: तुमचं काय बदलणार आहे, नको असेल तर कुठे जायचं, आणि कधीपर्यंत. ज्या ओळीनं यातलं एकही उत्तर मिळत नाही ती ओळ काढायची. "उपरोक्त विषयान्वये" गेलं, "याची नोंद घ्यावी" गेलं, "हितसंबंधित असल्याने" गेलं. जागा झाली. ऐका.

"सर्व्हे नंबर तमुक या जमिनीतला हक्क तुम्ही अमुक यांच्यासाठी सोडला आहे, असे हक्कसोडपत्र आले आहे. त्यावरून सातबाऱ्यातून तुमचे नाव कमी करण्याचा फेरफार नोंदवला आहे. तुमची हरकत असेल तर ____ तारखेपर्यंत गावच्या तलाठ्याकडे ती तोंडी सांगा किंवा लिहून द्या, आणि हरकतीची पोच घ्या. हरकत घेतली तर सुनावणी होईल. त्या तारखेपर्यंत हरकत आली नाही तर तुमची हरकत नाही असे धरून मंडळ अधिकारी ही नोंद मंजूर करतील. या नोंदीने जमिनीची मालकी ठरत नाही."

हक्कसोडपत्र मी तसंच ठेवलं. तो शब्द तिनं सही करताना ऐकला असता तर बरं झालं असतं, पण निदान आता तो तिच्या कानावर पडू दे, कारण वकिलाकडे गेली तर हाच शब्द तिला लागणार आहे. फेरफार, मंडळ अधिकारी, तेही ठेवले. "प्रमाणित"च्या जागी मंजूर घातलं. आणि दिवस न मोजता तारीख, म्हणजे तुमचा मंगळवार-बुधवार संपला.

साशंक : मालकीची शेवटची ओळ कुणी मंजूर करणार नाही, पण ती मला आवडली. प्रमाणितचं मंजूर केलंत त्यावर मात्र अडतो. मंजूर म्हणजे अधिकाऱ्यानं मेहेरबानी केली असा वास येतो. रजा मंजूर, कर्ज मंजूर. प्रमाणित म्हणजे त्यानं कागद तपासून खरं म्हणून सही केली. तुमचं आधीचं "पक्की" त्यापेक्षा बरं होतं. आणि तलाठी म्हणायचं तर आता त्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात विचारा, ग्राम महसूल अधिकारी कुठे बसतात, लोक तलाठ्याच्या घराकडे बोट दाखवतील. नोटिशीवर जुनं नाव घालता येत नाही, नवं घातलं तर कळत नाही. दोन्ही घालावी लागतील. हे सगळं निभेल.

अडणार ती रिकामी जागा. ती तारीख कोण भरणार? मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची. संगणकातून नोटीस निघते त्या दिवशी ती कधी मिळेल हे कुणाला ठाऊक नसतं. म्हणजे तारीख भरणार बजावायला जाणारा कोतवाल, दारात उभा राहून. त्यानं स्थळप्रतीवर एक आणि तिच्या प्रतीवर दुसरी तारीख टाकली की खटला झालाच. आज "प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून" म्हटल्यानं निदान हा घोळ कोतवालाच्या पेनावर येत नाही, वाचणाऱ्याच्या बोटांवर जातो. मी काय म्हणतो ते लक्षात घ्या. अवघड नोटिशीत काम कमी होत नाही, ते कचेरीकडून बाईकडे ढकललेलं असतं. सोपी करायला गेलात की ते परत कचेरीकडे येतं. कचेरी ते घ्यायला राजी आहे का, हा शब्दकोशाचा प्रश्न नाही.

आग्रही : हे तुम्ही माझ्या बाजूचं बोललात.

साशंक : बोललो खरा. पण अजून एक बाजू आहे आणि ती मला स्वतःलाच नीट उलगडत नाही. आज तिला नोटीस कळली नाही. उद्या ती कोर्टात उभी राहिली तर तिचा वकील म्हणेल, बाईला काय लिहिलंय तेच कळलं नव्हतं. ते टिकेल न टिकेल, पण म्हणता येईल. आणि घरात? घरात तर ते फार उपयोगी आहे. ती भावांना म्हणू शकते, "मला काय कळतंय त्या कागदातलं." माहेर शाबूत राहतं. तुम्ही तिला लखलखीत मराठीत विचारलंत की तुझी हरकत आहे का, अमुक तारखेपर्यंत सांग, नाही सांगितलंस तर नाही असं धरू. आता तिचं गप्प बसणं हे उत्तर झालं. आधी तिच्या गप्प बसण्याला अडाणीपणाचा आडोसा होता. दिवाळीला माहेरी जायचंय, भाच्याचं लग्न व्हायचंय, आणि तुमची नोटीस तिला सांगतेय की आता तुला कळलंय. जिला बोलायचं बळ नाही तिच्याकडून तुम्ही तो आडोसाही काढून घेताय, आणि तिचं मौन आणखी पक्कं करून भावांच्या हातात देताय.

आग्रही : याचा मी विचार केला नव्हता. केला नव्हता हे खरं सांगते. पण त्या आडोशाचं भाडं काय पडतं, तेही मोजा. सगळी जमीन. आणि आडोसा तिनं उभारलेला नाही. तो तुम्ही टाईप केलात, आणि तिनं तो वापरावा की नको हे तिला विचारलं नाहीत. कळूनही गप्प बसायचं असेल तर बसू दे तिला, पण मग ते बसणं तिचं असेल.

साशंक : "तिचं" म्हणजे काय, एवढंच विचारतोय. तालुक्याला नेऊन जिची सही घेतली, तिला पंधरा दिवस आणि एक सोपा कागद दिला की तिचं तिचं झालं?

आग्रही : नाही झालं. मी काल तिला दुसरा मसुदा वाचून दाखवला. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिनं बरोबर दिली, न अडखळता. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं विचारेल, तलाठी कधी भेटतात. तिनं विचारलं, "भावांनापण हा असाच कागद जातो का?"

साशंक : जातो. हितसंबंधितांत तेही आले.

आग्रही : मी तेच सांगितलं. "असाच, एवढा स्पष्ट?" म्हणाली. मी म्हटलं, नाही, त्यांना जुना गेला असेल. मग तिनं नोटिशीची घडी घालून पिशवीत ठेवली, माझा मसुदा टेबलावरच राहू दिला, आणि जाताना दारातून विचारलं, मुदत कधी संपते. बुधवारी संपते. मी मंगळवार सांगितला.